सेन्सेक्स भागिले सोने

सावद्यात केळीची पट्टी हाती आली की घरात प्रश्न निघतो: जळगावला जाऊन सोने घ्यायचे की फंडात टाकायचे? आपल्यातले अनेक सल्लागार तेव्हा एक भागाकार पुढे करतात. सेन्सेक्स भागिले दहा ग्रॅम सोन्याचा भाव. उत्तर एकाच्या बरेच वर गेले तर शेअर महाग, बरेच खाली आले तर सोने महाग. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास आणि सोने ११ हजारांच्या आसपास होते, म्हणजे गुणोत्तर १.९. मार्च २०२० च्या पडझडीत ते ०.६ च्या घरात आले. दोन्ही टोकांना त्याने खरे सांगितले, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला.

मधली वर्षे मात्र फारसे कोणी तपासत नाही. २०१० अखेर दोन्ही आकडे २० हजारांच्या थोडे वर होते, गुणोत्तर जवळपास एक. १.९ वरून ते निम्म्यावर आले म्हणून तेव्हा गिऱ्हाइकाला सोने मोडून फंडात जायला सांगितले असते, तर वर्षभरात सेन्सेक्स साडेपंधरा हजारांवर उतरला आणि सोने २७ हजारांवर चढले. गुणोत्तर ०.५७. ऑगस्ट २०१३ अखेरही ते तिथेच रेंगाळत होते. इतकी वर्षे कोणता शेतकरी आपल्यावर भरवसा ठेवून थांबेल?

मुळात ‘एक’ या आकड्याला काही आधार नाही. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ साली १०० ठरवला. तो १,००० ठरवला असता तर आज आपण दहाला रेषा मानली असती. मग दीर्घकालीन सरासरी घ्यावी, तर १९९० पर्यंत देशात सुवर्ण नियंत्रण कायदा होता. तेव्हाचा भाव बंदिस्त बाजाराचा. त्याची आजच्या भावाशी सरासरी काढणे मला चुकीचे वाटते.

त्यात आयात शुल्काची भर. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ टक्क्यांवरून ६ वर आले. जगातला भाव तोच धरला, तरी ११५ चे १०६ होतात आणि गुणोत्तर साडेआठ टक्क्यांनी फुगते. शेअर महाग झाले नाहीत, सोन्याची जगातली किंमत पडली नाही, तरी आपला तक्ता हलला.

लाभांशाची गळती याहून संथ, पण मोठी आहे. नेहमीच्या सेन्सेक्समध्ये लाभांश धरलेला नसतो. वर्षाला सव्वा टक्का धरला, तरी २० वर्षांत २८ टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे जुन्या सरासरीशी तुलना करताना शेअर आहेत त्यापेक्षा स्वस्त भासतात.

म्हणून तक्ता करायचाच असेल तर लाभांशासह असलेला सेन्सेक्स घ्या, सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव रुपयांत काढून शुल्क वगळा आणि १९९० आधीची वर्षे सोडा. आणि उत्तर सांगण्याआधी घरात दागिन्यांच्या रूपाने किती तोळे आहेत ते विचारा. खानदेशातल्या बऱ्याच घरांत सोन्याचा वाटा आधीच मोठा असतो. तिथे गुणोत्तर ‘सोने घ्या’ म्हणत असले तरी नवी पट्टी सोन्यात घालायला मी सांगणार नाही.