दोस्तीतली थट्टा आणि 'सरकारी जावई'

"मित्रच आहे, मनावर काय घ्यायचं?" असं म्हणून आपली पोरं गप्प बसतात. माझं म्हणणं उलट आहे. मित्र आहे म्हणूनच त्याला थांबवायला हवं, आणि ते भांडण न करता जमतं.

समजा, विठ्ठलवाडीहून सकाळची लोकल पकडणारा एक ग्रुप आहे. त्यातल्या आपल्या एका पोराला सरकारी नोकरी लागते. जिवलग मित्र डब्यात सगळ्यांसमोर म्हणतो, "काय सरकारी जावई, पार्टी कधी?" सगळे हसतात, नाइलाजाने तोही हसतो. दुसऱ्या दिवसापासून त्याचं तेच नाव पडतं.

रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर लेख लिहिला. काही नात्यांत थट्टेची मुभा असते आणि समोरच्याने राग मानायचा नसतो. कुठे ही मुभा दोघांना असते, कुठे एकालाच. दोस्ती पहिल्या प्रकारची. तू माझ्या टकलावर बोल, मी तुझ्या ढेरीवर बोलतो. 'सरकारी जावई'ला मात्र परतफेड नाही. त्याला काहीही उलट बोललं, तरी त्याच्या अभ्यासावर कुणी शंका घेत नाही. शिवाय डब्यातल्या अनोळखी माणसांनाही या एका शब्दातून पोराची जात कळते. ती कुणाला, कधी सांगायची हे ठरवणं त्याच्या हातात राहत नाही.

मग करायचं काय? त्या क्षणी हसत एकच वाक्य: "पार्टी देतो रे, पण परत जावई म्हणालास तर बिल तुझं." तिथे आरक्षणावर भाषण नको. चारचौघांत कोंडीत सापडलेला माणूस ऐकत नाही, वाद जिंकायला बघतो.

खरं बोलणं गाडीतून उतरल्यावर, दोघंच असताना: "यार, बाकी कशावरूनही माझी खेच. हा शब्द नको, लोकांसमोर तर नकोच. मला लागतं." इथेच थांबायचं. "तू जातीयवादी आहेस" म्हटलं की तो स्वतःचा बचाव करत बसतो आणि मूळ शब्द बाजूलाच राहतो. तो म्हणेल, "मस्करी होती रे." त्यावर उत्तर: "माहीत आहे, म्हणून तर तुला सांगतोय."

त्याला पटलं की नाही, हे पुढच्या काही दिवसांत कळतं. सवयीने बोलून गेला आणि लगेच जीभ चावली, तर सोडून द्या. पण "याच्यासमोर आता बोलायची सोय राहिली नाही" असं म्हणत मुद्दाम तोच शब्द काढला, तर हसू नका. सगळ्यांसमोर शांतपणे म्हणा, "तुला सांगितलं होतं." सांगूनही मुद्दाम केलेली थट्टा हा अपमानच.

'लोकांसमोर' या शब्दाचं वजन कायद्यालाही कळतं. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) खाली गुन्हा ठरायला हेतुपुरस्सर केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. मित्रावर कायदा काढायची वेळ सहसा येत नाही. ग्रुपमधल्या तिसऱ्याने न हसणं पुष्कळदा पुरतं, आणि ते काम आपल्यापैकी कुणीही उद्याच्या लोकलमध्ये करू शकतो.