स्थळाची माहिती: काय आधी, काय मागाहून

विवाहमंडळांच्या कागदी वह्या जाऊन त्यांच्या जागी संकेतस्थळे आली, तरी स्थळाच्या माहितीचा तक्ता फारसा पालटलेला नाही. उंची, वर्ण, शिक्षण, हुद्दा, वार्षिक उत्पन्न, स्थावर आणि अपेक्षा ही रकान्यांची परंपरा आजही अखंड चालू आहे. या रकान्यांपैकी कोणते भरावेत आणि कोणते तूर्त मोकळे ठेवावेत, यासंबंधी आपल्या समाजात दोन मते ठामपणे मांडली जातात, आणि मला ती दोन्ही सदोष वाटतात.

पहिले मत वडीलधाऱ्यांचे. लग्न हा आयुष्यभराचा व्यवहार आहे, तेव्हा पगारापासून पत्त्यापर्यंत सारे काही पहिल्याच कागदावर मांडावे, म्हणजे कोणाचा वेळ फुकट जाणार नाही आणि मागाहून कोणास फसवणुकीची तक्रार करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यामागील सचोटी आदरणीय आहे. परंतु सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला जशीच्या तशी समजते, असे जे त्यात गृहीत धरले आहे, ते मात्र तपासून पाहिले पाहिजे.

उत्पन्नाचाच रकाना घेऊ. एका तरुणाने ‘वार्षिक १८ लाख’ असे लिहिले की वधूपक्ष त्यास १२ ने भागतो आणि महिना दीड लाखाचा संसार मनात उभा करतो. पण हा आकडा म्हणजे कंपनीच्या लेखी त्या माणसावर होणारा एकूण खर्च, ज्यास नोकरदार मंडळी ‘सीटीसी’ म्हणतात. समजा त्यात मूळ वेतन ७ लाख २० हजारांचे आहे. तर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेले १ लाख ८० हजार, असे मिळून तीन लाखांवर रक्कम दरमहाच्या पगारात येतच नाही. उरलेल्यातून स्वतःच्या वाट्याचा निधी, व्यवसाय कर आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या प्रणालीनुसार प्राप्तिकर वजा जाता हाती येतात ते महिना सुमारे १ लाख ९ हजार. त्याने ५० लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांच्या मुदतीवर घेतले असेल, तर सुमारे ४३ हजारांचा हप्ता जाऊन ६६ हजार शिल्लक राहतात. उलट १२ लाखवाल्या दुसऱ्या तरुणाच्या पगारात कामगिरीचा हिस्सा नाही, त्याचे मूळ वेतनही याच प्रमाणात आहे, आणि सवलतीमुळे त्यास प्राप्तिकर लागत नाही. तो वडिलार्जित घरात राहत असेल, तर त्याच्या हाती महिना सुमारे ८८ हजार मोकळे राहतात. परंतु संकेतस्थळाच्या शोधात ‘१५ लाखांच्या वर’ अशी अट घालणाऱ्या मुलीला हा दुसरा तरुण दिसणारच नाही. आकडे दोन्ही खरे, आणि त्यांवरून निघालेला निष्कर्ष मात्र उलटा!

दुसरे मत तरुणांपैकी पुष्कळांचे. उंची आणि उत्पन्न विचारणे हेच मुळी माणसाचा बाजार मांडणे होय. आधी स्वभाव जुळावेत, आकडे मागाहून बघता येतील, असे ते म्हणतात. ऐकण्यास हे उदात्त वाटते. पण ज्या शोधात हजारो अनोळखी स्थळांमधून निवड करायची असते, तेथे सारेच रकाने मोकळे ठेवणारा इसम उदात्त न दिसता संशयास्पद दिसतो, आणि पुष्कळदा रिकाम्या रकान्यामुळे तो शोधातूनच गळून जातो. शिवाय स्वभाव जुळल्यावर, मन गुंतल्यावर कळलेली गोष्ट नाकारणे अधिक कठीण असते. तेव्हा उशिरा सांगणे हे कित्येकदा समोरच्याचा नकाराचा हक्क हिरावून घेणे ठरते.

मग निवाडा कशाने करावा? माझ्या मते, अमुक तपशील आपल्याला शोभतो की नाही हा प्रश्न बाजूस ठेवून प्रत्येक रकान्यास दोन प्रश्न विचारावेत: परक्या माणसाला हा तपशील स्पष्टीकरणावाचून बरोबर समजेल काय, आणि तो परक्याच्या हाती पडल्याने आपणांस अपाय होईल काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तो तपशील पहिल्या कागदावर हवा. बाकीचे थांबू शकतात.

या कसोटीस उंची उतरते. ती पहिल्या भेटीत डोळ्यांना दिसणारच, तेव्हा लपविण्यात अर्थ नाही. मात्र ती अनवाणी मोजून सेंटिमीटरमध्ये लिहावी, कारण १७१ सेंटिमीटरचा माणूस फूट-इंचांच्या यादीत पाच फूट सात इंचांवर बसतो, आणि ‘किमान पाच-आठ’ या अटीपायी एक इंचाहूनही कमी अंतरासाठी वगळला जातो. ही अट ओलांडण्याचा मोह टाळता न आल्याने पुष्कळजण तो इंच वाढवून लिहितात आणि पहिल्याच भेटीत आपल्या शब्दाची किंमत घालवून बसतात. वैवाहिक स्थिती आणि अपत्ये हीदेखील येथेच हवीत. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात प्रलंबित असताना ‘घटस्फोटित’ लिहिणे ही तर उघड असत्योक्तीच होय.

हुद्द्याची गोष्ट निराळी आहे. ‘व्यवस्थापक’ या एका पदनामाखाली पाच माणसांचा वरिष्ठही येतो आणि ज्याच्या हाताखाली कोणीच नाही असाही येतो. त्यापेक्षा काम कोणते, गाव कोणते, बदलीची नोकरी आहे काय आणि रात्रपाळी असते काय, एवढे लिहिले तर संसाराशी ज्याचा खरा संबंध आहे ते कळते. कंपनीचे नाव मात्र थांबावे. छायाचित्र, नाव आणि कचेरी एवढे तिन्ही मिळाले की कोणीही अनाहूत माणूस दारात येऊन उभा राहू शकतो, आणि मुलींच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नाही. पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक यांनाही हाच न्याय लावावा. तूर्त जन्मवर्ष पुरे, पत्रिका पाहणाऱ्यांनी तारीख-वेळ परस्पर पसंतीनंतर मागावी. उत्पन्नाचा रुंद पट्टा लिहावा, आणि तो हाती येणाऱ्या रकमेचा आहे हे स्पष्ट करावे. कर्ज, घरचा भार व बचत यांचा खुलासा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तोंडी व्हावा.

यावर एक सबळ हरकत येईल: ‘थांबवणे’ ही लपवण्याची सभ्य पायरी नव्हे काय? मुदत ठरवली नाही तर आहेच. म्हणून थांबलेल्या प्रत्येक तपशिलास शेवटची तारीख असावी, आणि ती साखरपुड्याच्या पूर्वीची असावी. कर्ज, दीर्घ आजार, चालू औषधे आणि कोर्टातील दावे हे त्या दिवसापर्यंत समोरच्यास ठाऊक झालेच पाहिजेत. कायद्याचीही दिशा हीच आहे: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ अन्वये, दुसऱ्या पक्षासंबंधीची महत्त्वाची वस्तुस्थिती कपटाने दडवून संमती मिळवली असेल, तर कपट उघडकीस आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करून विवाह रद्द ठरवून घेता येतो. पहिल्या कागदावर काय नव्हते याचा जाब कोणी विचारणार नाही. संमती देण्यापूर्वी काय सांगितले नाही, याचा मात्र विचारला जाईल.