कात्री कोठे चालवावी?

सांबरा, कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर, बेळगुंदी ही बेळगावच्या आसपासची गावे मराठी साहित्य संमेलने भरवीत आली आहेत. अलीकडे अशा प्रत्येक संमेलनाचे सबंध चित्रण होते. सकाळच्या ग्रंथदिंडीपासून कविसंमेलनापर्यंतचे सहा-सात तास संगणकात साठतात आणि मग ते तसेच पडून राहतात, कारण एवढा वेळ बसून पाहणार कोण? म्हणून ते एखाद्या विद्यार्थ्याकडे येते आणि सांगितले जाते, "तासाभराचे करून दे." काम कारकुनी वाटते. वास्तविक पाहता ते संपादनाचे काम आहे, आणि त्यात अन्याय करण्याची शक्ती आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की लांबी विधींच्या पोटातून कमी करावी, विधी गाळून नव्हे. क्रम मुळीच बदलू नये. आणि भाषण कापलेच, तर ते कापले आहे हे पाहणाऱ्याला कळू द्यावे.

एक हिशेब मांडून पाहू. उद्घाटनाचे सत्र तीन तासांचे, म्हणजे १८० मिनिटांचे आहे असे समजा. ग्रंथदिंडी ४० मिनिटे, पाहुण्यांची वाट पाहण्यात १५, दीपप्रज्वलन व प्रतिमापूजन १०, स्वागतगीत ८, सत्कार ३०, स्वागताध्यक्षांचे भाषण १०, प्रास्ताविक १२, उद्घाटकांचे भाषण २५ आणि अध्यक्षीय भाषण ३०. याचा तास करायचा आहे. दिंडीला ४ मिनिटे द्या, वाट पाहणे पूर्ण काढा, दीपप्रज्वलनाला २, गीताला ३, सत्कारांना ३, स्वागताध्यक्षांना ४, प्रास्ताविकाला ४, उद्घाटकांना १० आणि अध्यक्षीय भाषणाची ३० मिनिटे जशीच्या तशी ठेवा. बरोबर ६० मिनिटे झाली, आणि वाट पाहण्याखेरीज एकही बाब गळाली नाही.

सत्कारांची तीन मिनिटे पाहून कोणी भुवया उंचावेल. गावात सर्वांत मोठा रुसवा येथेच होतो, हे खरे. पण शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह स्वीकारतानाचा एकच क्षण प्रत्येकी पाच सेकंद दाखवला, तर तीन मिनिटांत ३६ जण येतात. निवेदकाने घेतलेले नाव मात्र ऐकू आले पाहिजे. वगळले जाण्याचे दुःख मोठे असते. थोडा वेळ दिसण्याचे नसते.

दिंडीचे कापकाम निराळे. तेथे टाळ-मृदंगाचा ठेका चालू असतो. तुकडे जोडून लावले की ठेका अडखळतो आणि ते कानाला लगेच खटकते. म्हणून एका अभंगाचा सलग चार मिनिटांचा आवाज घ्यावा आणि त्यावर चित्रे बसवावीत. चित्रांचा क्रम मात्र वाटेचाच हवा. आधी पालखीतील ग्रंथांचे पूजन, मग गल्लीतील सुवासिनींचे ओवाळणे, मग लेझीम, शेवटी मंडपात प्रवेश.

क्रमाचा एवढा आग्रह कशासाठी? एक तर कार्यक्रमाचा अर्थच क्रमात असतो. ग्रंथ आधी मंडपात येतात आणि माणसे मागून बोलतात, हे काही उगीच नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. वक्ते मागच्या गोष्टींचा धागा धरून बोलतात. "आताच मुलींनी जे गीत म्हटले" असे उद्घाटक म्हणाले आणि आपण ते गीत गाळले किंवा शेवटी नेऊन लावले, तर ते वाक्य अधांतरी राहते. क्रम चुकला की चित्रही चुगली करते. सत्कारापूर्वीच पाहुण्यांच्या खांद्यावर शाल दिसते, पेटलेली समई पुढच्या दृश्यात विझलेली असते, सकाळच्या भाषणात मंडपाची सावली दुपारची पडते. म्हणून काम संपल्यावर आवाज बंद करून एकदा सारे पाहावे आणि शाल, समई व सावली एवढ्या तीनच गोष्टींवर नजर ठेवावी.

आता भाषणांकडे वळू. येथेच कात्री खरी धोक्याची. उद्घाटकांच्या २५ मिनिटांची १० करायची, तर प्रथम संगणकाला हात लावू नये. भाषण ऐकून त्यातील मुद्दे वेळेसह कागदावर उतरवावेत. प्रत्येक मुद्द्यात बहुधा चार भाग सापडतात: म्हणणे, त्याचे कारण, दाखले आणि अट. व्यासपीठावरील मान्यवरांची नामावळी काढता येते. चार दाखल्यांपैकी तीन काढता येतात. कारण शक्यतो काढू नये, आणि अट कधीच काढू नये.

समजा, एक वक्ता म्हणाला, "सीमाभागातल्या मराठी शाळा टिकल्याच पाहिजेत. पण आपल्या मुलांना कन्नडही उत्तम आले पाहिजे." पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला पडल्या नाहीत. टाळ्यांपाशी कापणे सोयीचे असते; शेवट कसा झणझणीत होतो! पण जो माणूस त्यातून उरतो, तो त्या व्यासपीठावर उभाच नव्हता. उलट कोणी केवळ दुसरेच वाक्य ठेवले, तरी अन्याय तेवढाच. या अंकाची मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पाने वाचणाऱ्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

ठरावांचेही असेच. १९४६ साली बेळगावला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. त्या संमेलनातील भाषणे आज कितीजणांना आठवतात? संयुक्त महाराष्ट्राचा ठराव मात्र इतिहासात राहिला. ठराव वाचले जात असताना मंडप निम्मा रिकामा असतो, कॅमेरावालाही दमलेला असतो, म्हणून तो भाग कंटाळवाणा दिसतो. तरीही ठराव शब्दशः ठेवावेत, सूचक व अनुमोदकांच्या नावांसह.

राहता राहिला जोडांचा प्रश्न. वाक्य संपून वक्ता श्वास घेण्यापूर्वी जी शांतता असते, तेथेच कापावे. श्वास अर्धा तुटला की ऐकणारा दचकतो. कापल्यावर वक्त्याची मान एकदम इकडची तिकडे उडी मारते. ती झाकण्यासाठी मध्ये श्रोत्यांचे दृश्य घालण्याची पद्धत आहे. कसबी लोक ती वापरतात आणि पाहणाऱ्याला काही गेले हे कळतही नाही. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. करमणुकीच्या चित्रपटात हे शोभते. गावाच्या दप्तरात शोभत नाही. भाषणातला भाग गाळला तेथे अर्धा सेकंद पडदा काळा होऊ द्यावा आणि आरंभी "संक्षिप्त" हा शब्द लिहावा. दिसायला ते ओबडधोबड दिसेल, हे मान्य. पण लेखात उतारा देताना मधला मजकूर गाळला, तर आपण टिंबे देतोच ना? ती टिंबे कोणाला कुरूप वाटत नाहीत.

शेवटी, कापलेले भाषण प्रसिद्ध करण्यापूर्वी वक्त्याला दाखवावे. मूळ सबंध चित्रण दोन निरनिराळ्या ठिकाणी जपावे आणि त्यासोबत काय, किती वाजून किती मिनिटांपासून कापले, याची यादी ठेवावी. उद्या कोणी म्हणाले, "मी असे बोललोच नव्हतो," तर त्याला उत्तर देण्यासाठी संक्षेप पुरणार नाही. ते मूळ चित्रणच काढावे लागेल.