शिकवणी ‘ऐच्छिक’ कशी?

माननीय मुख्याध्यापक,


माझ्या तक्रारीवर ‘शिकवणी ऐच्छिक आहे, शाळेच्या वेळेबाहेर चालते’ असे आपले उत्तर आले. ते मला मान्य नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकाला खासगी शिकवणीच घेता येत नाही. त्यात वेळेची सवलत नाही, पालकांच्या संमतीचीही नाही.

माझी मुलगी सातवीत आहे. गणिताचे सर काळेवाडीतच सायंकाळी स्वतःच्या वर्गातल्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी घेतात. तोंडी काम, प्रकल्प, वही यांचे आकारिक गुणही तेच देतात. अशा वेळी कोणता पालक नाही म्हणेल? इथले बरेच पालक कारखान्यात पाळीवर जातात; ओव्हरटाइमचा पैसा या फीत जातो. वर्गात अपूर्णांक घाईने उरकायचे आणि सायंकाळी तेच सावकाश शिकवायचे, हे मुलांनाही कळते.

मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवणे हे कलम 24 नुसार शिक्षकाचे कर्तव्यच आहे. त्याची फी कशी घेता येईल?

ही शिकवणी बंद करा, शाळेतच विनामूल्य जादा तास ठेवा आणि तसे लेखी कळवा. अन्यथा मी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे दाद मागेन.

आपली,
एक पालक, काळेवाडी