नातीच्या नावे घर, विश्वस्ताच्या हाती कारभार

हिंदू आजोबांना स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने अज्ञान नातवंडाला देता येते. प्रश्न उरतो तो मूल 18 वर्षांचे होईपर्यंत कारभार कोणी पाहायचा, हा. अनेक मृत्युपत्रांत एखाद्या नातेवाइकाला ‘अज्ञान पालनकर्ता’ नेमलेले असते. पण 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मृत्युपत्राद्वारे पालक नेमण्याचा अधिकार आईवडिलांना दिला आहे, आजोबांना नाही. त्यामुळे आजोबा गेले की कारभार सहसा मुलाच्या वडिलांकडे किंवा आईकडे जातो. त्यांना अज्ञानाचे घर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता वा गहाण ठेवता येत नाही. मुदत ठेवीला मात्र हे बंधन लागू नाही, आणि पैसा आधी संपतो तो तिथेच.

यावर उपाय म्हणजे मृत्युपत्रातच न्यास निर्माण करणे. समजा, नाशिकच्या एका आजोबांचा मुलगा कर्जात बुडाला आहे आणि नात 10 वर्षांची आहे. त्यांच्याकडे महिना 12,000 रुपये भाड्याची सदनिका व 10 लाखांची ठेव आहे. ‘ही मिळकत नातीला’ एवढेच लिहिण्याऐवजी त्यांनी ती विश्वस्त म्हणून धाकट्या बहिणीच्या हाती, नातीच्या हितासाठी सोपवावी. वर्षाच्या 1,44,000 रुपये भाड्यातून घरपट्टी, सोसायटीचा खर्च आणि नातीचे शिक्षण भागवावे, उरलेले न्यासाच्या खात्यात ठेवावे. मूळ ठेवीला हात लावता येईल का, लावायचा तर कशासाठी, तेही लिहावे. अन्यथा मुद्दलासाठी न्यायालयात जाण्याची वेळ येते.

विश्वस्त आजोबांहून वयाने लहान आणि हिशेबाला चोख असावा; शिवाय पर्यायी विश्वस्ताचे नाव हवेच. नेमलेली व्यक्ती जबाबदारी नाकारू शकते किंवा मधेच वारू शकते. न्यास त्यामुळे बुडत नाही, पण नवी नेमणूक होईपर्यंत कारभार अडतो. भाडे विश्वस्ताच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले, वर्षाचा हिशेब मागूनही मिळेना, तर गडबड सुरू झाली असे समजावे. नातीच्या वतीने दावा लावून हिशेब मागता येतो.

अठराव्या वर्षी एवढी मिळकत हाती देणे काहींना धोक्याचे वाटते, म्हणून ते ‘पंचविसाव्या वर्षी द्यावी’ असे लिहितात. एकट्या नातीला पूर्ण हक्क देऊन फक्त ताबा लांबवला असेल, तर सज्ञान होताच ती विश्वस्ताकडून मिळकत मागू शकते. हक्कच पंचविसाव्या वर्षी मिळावा आणि त्याआधी ती वारल्यास मिळकत कोणाला जावी, हे वकिलाकडून नेमक्या शब्दांत लिहून घ्यावे लागते. नात आजोबांच्या आधी गेली तर काय, हेही त्यात असावे.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक असली तरी करून ठेवावी, आणि एक प्रत विश्वस्ताला आजोबांनी स्वतः, हयातीतच द्यावी.