एका पैशाचा ताळमेळ

जयपूरजवळील सांगानेर ठसेछपाईच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका व्यापाऱ्याने पुण्याच्या दुकानदारास प्रत्येकी 333.30 रुपयांचे तीन नग पाठविले. कर 5 टक्के धरू. व्यापाऱ्याची संगणक प्रणाली प्रत्येक नगावरील 16.665 रुपये कराचे 16.67 करते, एकूण कर 50.01 होतो. दुकानदाराची प्रणाली 999.90 या बेरजेवर एकदाच कर काढते; 49.995 चे 50.00 होतात. बिल एकाकडे 1049.91, तर दुसऱ्याकडे 1049.90. बँकेत रक्कम जमा होते, पण ताळमेळ जुळत नाही.

याहून सूक्ष्म कारण संगणकाच्या द्विमान अंकपद्धतीत आहे. तीत 1.005 ही संख्या तंतोतंत मावत नाही. ती किंचित कमी साठवली जाते आणि 1.01 ऐवजी 1.00 उरते. म्हणूनच हिशेबात रकमा पूर्ण पैशांत साठवणे श्रेयस्कर.

‘एका पैशाचे काय एवढे?’ असे म्हणून फरक परस्पर खर्ची टाकण्याची प्रथा मात्र आम्हांस घातक वाटते. पूर्णांकनाच्या फरकाला मर्यादा असते. प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त अर्धा पैसा आणि बेरजेत आणखी अर्धा. म्हणजे तीन ओळींच्या बिलात दोन पैशांहून अधिक नाही. तेथे पाच पैसे निघाले, तर ते पूर्णांकन नव्हे, चूक आहे. पूर्णांकन ओळीवर करायचे की बेरजेवर, हे उभय पक्षांनी आधीच ठरवावे. मर्यादेबाहेरचा प्रत्येक पैसा मात्र शोधून काढावा.