न भाषांतरिलेला शब्द : हिब्रू ‘एत’ आणि मराठी ‘ला’



भाषांतराविषयी आपण एक गोष्ट सहज गृहीत धरतो. मूळ संहितेतील प्रत्येक शब्दाला भाषांतरात काहीतरी प्रतिशब्द असला पाहिजे आणि एखादा शब्द गळला, तर भाषांतरकाराने कामचुकारपणा केला, असे आपल्याला वाटते. या गृहीतकाची परीक्षा घ्यायची असेल, तर हिब्रू भाषेतील ‘एत’ या शब्दासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. हिब्रू बायबलमध्ये कर्मचिन्ह म्हणून तो दहा हजारांहून अधिक वेळा येतो. इंग्रजी किंवा मराठी बायबलमध्ये मात्र त्याचा प्रतिशब्द बहुधा एकदाही आढळत नाही. हे योग्यच आहे, असे माझे मत आहे. परंतु ‘एत’चे भाषांतर करावयाचे नसते म्हणून त्याकडे लक्षही द्यावयाचे नसते, असा अर्थ त्यातून काढणे मला मान्य नाही.

‘एत’चे काम कोणते?

बायबलच्या पहिल्याच वाक्यापासून आरंभ करू. ‘बेरेशीत बारा एलोहीम एत हाशामायीम वेएत हाआरेत्स’ हे ते सात शब्दांचे वाक्य. आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी ही निर्माण केली, असा त्याचा अर्थ. ‘बेरेशीत’ म्हणजे आरंभी, ‘बारा’ म्हणजे निर्माण केले, ‘एलोहीम’ म्हणजे देव, ‘हाशामायीम’ म्हणजे आकाश आणि ‘हाआरेत्स’ म्हणजे पृथ्वी. ‘वे’ म्हणजे ‘आणि’. उरला तो ‘एत’, आणि तो दोनदा आला आहे. त्याला कोशगत अर्थ नाही. पुढे येणारे नाम हे क्रियापदाचे कर्म आहे आणि ते निश्चित आहे, एवढेच तो सांगतो.

यातील ‘निश्चित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हिब्रूमध्ये ‘राईती केलेव’ म्हणजे ‘मी एक कुत्रा पाहिला’. कुत्रा कोणता, हे ठरलेले नाही. म्हणून येथे ‘एत’ नाही. ‘राईती एत हाकेलेव’ म्हणजे ‘मी तो कुत्रा पाहिला’. नामाला ‘हा’ हे निश्चयदर्शक उपपद लागले आणि त्यापाठोपाठ ‘एत’ आले. विशेषनामे, तसेच ‘माझे’, ‘त्याचे’ अशा अर्थाचे प्रत्यय लागलेली नामेही निश्चितच मानली जातात. म्हणून ती कर्म झाली की त्यांच्याही आधी ‘एत’ येते. बायबलमधील काव्यभागात ते पुष्कळदा गाळलेले असते, गद्यात मात्र हा नियम बराचसा पाळला जातो. आधुनिक हिब्रूच्या प्रमाण रूपात तर तो जवळजवळ बंधनकारक आहे. इस्राएलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांना हा शब्द अनावश्यक वाटे आणि ते तो टाळत असत. परंतु लोकांनी त्यांचे अनुकरण केले नाही.

मराठीत त्याला समांतर काही आहे का?

मराठीत ‘एत’ला प्रतिशब्द नाही, असे सांगितले जाते आणि स्वतंत्र शब्दाचा विचार केल्यास ते खरे आहे. मात्र मराठीच्या विद्यार्थ्याने येथेच थांबू नये. ‘मी कुत्रा पाहिला’ आणि ‘मी कुत्र्याला पाहिले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. कर्म दोन्हीकडे तेच आहे, पण एका ठिकाणी त्याला ‘ला’ लागला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. म्हणजे सर्व कर्मांना एकसारखे चिन्ह न लावता काहींनाच लावण्याची रीत आपल्या भाषेतही आहे. भाषाविज्ञानात या घटनेला भेददर्शी कर्मचिन्हांकन असे म्हणता येईल. हिब्रू आणि मराठी या दोन्ही भाषा त्या प्रकारात मोडतात, इंग्रजी मोडत नाही.

फरक आहे तो निवडीच्या निकषात. हिब्रू भाषा ‘कर्म निश्चित आहे का?’ एवढाच प्रश्न प्रामुख्याने विचारते. मराठी त्याआधी ‘कर्म सजीव आहे का?’ असे विचारते. म्हणून ‘काराती एत हासेफेर’ याचे भाषांतर ‘मी ते पुस्तक वाचले’ असे होते. पुस्तक कितीही निश्चित असले, तरी ‘मी पुस्तकाला वाचले’ हे मराठी कानाला खटकतेच. उलट ‘मी एका मुलाला पाहिले’ या वाक्यात मुलगा अनिश्चित असूनही ‘ला’ येतो. हिब्रूमध्ये अशा ठिकाणी ‘एत’ येत नाही.

आणखी दोन भेद ध्यानात घ्या. ‘मी कुत्रा पाहिला’ हा कर्मणी प्रयोग आहे. ‘ला’ लागताच वाक्य भावे प्रयोगात जाते आणि क्रियापद ‘पाहिले’ असे होते. ‘एत’ आल्याने हिब्रू क्रियापदात काहीही बदल होत नाही. शिवाय ‘मी रामाला पुस्तक दिले’ यातील ‘ला’ ज्याला दिले त्याचे चिन्ह आहे. हिब्रूमध्ये त्या कामासाठी ‘ले’ हे वेगळे शब्दयोगी आहे. तेव्हा ‘एत’ दिसले की ‘ला’ लावावा, असा नियम करता येत नाही. भाषांतरकार ‘एत’चे काम कधी ‘ला’कडे, कधी ‘तो’ किंवा ‘ते’ अशा दर्शक विशेषणाकडे, तर कधी नुसत्या संदर्भाकडे सोपवतो. योसेफावर त्याच्या पित्याचे प्रेम होते, हे सांगणाऱ्या हिब्रू वाक्यात ‘एत योसेफ’ असे आहे. मराठीत तेथे ‘ला’ही चालत नाही, ‘वर’ घ्यावा लागतो.

प्रतिशब्द देण्याचा एक जुना प्रयत्न

तरीही हट्टाने प्रतिशब्द दिलाच, तर काय होते? हा प्रयोग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेला आहे. अक्विला नावाच्या भाषांतरकाराने हिब्रू बायबल ग्रीकमध्ये आणताना मुळातील प्रत्येक शब्दाचा माग ठेवण्याचा निश्चय केला. कर्मचिन्ह असलेल्या ‘एत’साठी त्याने अनेक ठिकाणी ‘सुन’ हा ग्रीक शब्द योजला. ‘सुन’ म्हणजे ‘सह’. परिणामी पहिल्या वाक्यात ‘सह आकाश आणि सह पृथ्वी’ अशी रचना अवतरली. ग्रीकमध्ये ‘सुन’ या शब्दानंतर जी विभक्ती यावी, तीही त्याने तेथे न योजता कर्माची विभक्ती कायम ठेवली. ती रचना ग्रीकही राहिली नाही आणि हिब्रूही झाली नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या लॅटिन भाषांतरकाराने एका पत्रात नेमका या पद्धतीचा उपहास केला आहे.

अक्विलाच्या या हट्टामागे श्रद्धा होती, हे मात्र विसरू नये. पवित्र ग्रंथात एकही शब्द निरर्थक नसतो, असे मानणारी एक परंपरा यहुदी पंडितांत होती. तालमूदमध्ये अशी कथा आहे की, शिमोन नावाचे एक पंडित प्रत्येक ‘एत’मधून काही अधिक अर्थ काढत असत. ‘तुझा देव परमेश्वर याचे भय बाळग’ या आज्ञेतील ‘एत’पाशी येताच ते थांबले, कारण परमेश्वराच्या जोडीला आणखी कोणाचे भय बाळगायचे? तेव्हा त्यांनी आपली आजवरची सर्व विवरणे मागे घेतली. पुढे रब्बी अकिवा यांनी त्या ‘एत’चा अर्थ ‘विद्वानांचेही भय बाळग’ असा लावला. हा अर्थविस्तार मूळ संहितेवरील भाष्य म्हणून आदरणीय आहे. भाषांतरकाराने मात्र भाष्य आणि व्याकरण यांची गल्लत करू नये. ‘एत’ हा शब्द हिब्रू वर्णमालेतील पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांनी लिहिला जातो. म्हणून भाषांतरकारांनी त्यातील गूढ अर्थ दडवून ठेवला, असा आक्षेपही कधीकधी घेतला जातो. ‘राईती एत हाकेलेव’ या साध्या वाक्यात तोच शब्द तीच दोन अक्षरे घेऊन येतो, हे लक्षात घेतले की या आक्षेपाचा जोर ओसरतो.

जेथे दुर्लक्ष परवडत नाही

आता माझ्या मताची दुसरी बाजू. हिब्रूमध्ये ‘एत’ असा दिसणारा आणखी एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘बरोबर’ किंवा ‘सह’ असा होतो. सर्वनाम जोडले की दोहोंतील भेद उघड होतो: ‘ओतो’ म्हणजे ‘त्याला’, तर ‘इतो’ म्हणजे ‘त्याच्याबरोबर’. पुढे नाम आले, तर मात्र दोन्ही ठिकाणी ‘एत’च दिसते. बहुतेक वेळा संदर्भ निवाडा करतो. काही वेळा तो करत नाही.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील पहिले वचन घ्या. आदामाने ‘एत हव्वा’ जाणले, तिने ‘एत काइन’ जन्माला घातले. येथवर दोन्ही ‘एत’ कर्मचिन्हे आहेत. मग हव्वा म्हणते, ‘कानीती ईश एत’ आणि पुढे परमेश्वराचे नाव येते. ‘कानीती’ म्हणजे मी मिळवला, ‘ईश’ म्हणजे पुरुष. ‘ईश’ अनिश्चित असल्यामुळे त्यापूर्वी ‘एत’ नाही, हे नियमानुसारच झाले. प्रश्न तिसऱ्या ‘एत’चा आहे. ते ‘सह’ या अर्थाचे मानले, तर ‘परमेश्वराच्या साहाय्याने मला पुरुष मिळाला’ असा अर्थ होतो. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन भाषांतरे ‘देवाच्या द्वारे’ असा अर्थ घेतात. ते कर्मचिन्ह मानले, तर ‘मला पुरुष मिळाला, म्हणजे परमेश्वर’ असे वाचावे लागते. मार्टिन लूथर याने जर्मन भाषांतरात हाच अर्थ स्वीकारला होता.

लूथरचे वाचन व्याकरणाच्या आधारे खोडून काढता येते का? येत नाही. उत्पत्तीच्याच २६ व्या अध्यायात एसावाने ‘ईशा एत येहुदीत’ केली, म्हणजे ‘बायको केली, ती येहुदीत’, अशी रचना आहे. आधी चिन्हाशिवाय अनिश्चित नाम आणि लगेच त्याचाच खुलासा करणारे ‘एत’सहित विशेषनाम. तोच साचा हव्वेच्या उद्गारातही असू शकतो. मला स्वतःला ‘साहाय्याने’ हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो, कारण नुकत्याच जन्मलेल्या काइनाला हव्वा परमेश्वर म्हणेल, असे पुढील कथेत काहीही नाही. पण हा निर्णय आशयाचा आहे, व्याकरणाचा नव्हे. आणि तो घेतल्याची खूण भाषांतरकाराने तळटीपेत ठेवली पाहिजे. नाहीतर मूळ वाक्यात संदिग्धता होती, हे वाचकाला कधी कळणारच नाही.

मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट नवी नाही. जॉन विल्सन यांनी कोकण-मुंबईतील बेने इस्राएल समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे १८३२ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्या वाटेने जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची एका बाबतीत सोय आहे: कर्माला कधी चिन्ह लावायचे आणि कधी नाही, ही निवड तो आपल्या भाषेत रोज नकळत करत असतो. म्हणून ‘एत’चा प्रतिशब्द शोधण्यात त्याने वेळ दवडू नये. प्रत्येक ‘एत’पाशी दोन प्रश्न विचारावेत. हे कर्मचिन्ह आहे की ‘सह’? आणि कर्मचिन्ह असेल, तर त्याने दाखवलेली निश्चितता माझ्या वाक्यात ‘ला’ने, ‘तो’ने, की नुसत्या संदर्भाने उतरली आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर शब्द गळला, तरी चालेल.

स्वाध्याय : आपल्या पाठ्यपुस्तकातील कोणत्याही एका उताऱ्यातून कर्मे वेगळी काढा. त्यांचे ‘ला’ लागलेली आणि न लागलेली, असे दोन गट करा. कर्म सजीव आहे का आणि निश्चित आहे का, हे प्रत्येकापुढे लिहा. ‘ला’ची उपस्थिती कोणत्या निकषाने अधिक चांगली स्पष्ट होते, ते पाच-सहा वाक्यांत मांडा.